सहाशे बोल्ट कमी

खरेदीच्या टेबलावर बसले त्या पहिल्याच महिन्यात मी एका पुरवठादाराला मेल पाठवला होता. तो अजून पाठ आहे. "महोदय, आपण पाठवलेला माल कमी आला आहे. तरी कृपया तातडीने योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती." शुद्धलेखन चोख, नम्रता भरपूर. तीन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं : "कुठला माल?"

तेव्हा राग आला होता. आज वाटतं, बिचाऱ्यानं दुसरं काय विचारायचं? त्याच्याकडून दिवसाला तीस-चाळीस गिऱ्हाइकांचा माल निघतो. आमचं खोकं त्याच्यासमोर नव्हतं, आमची मोजणी त्यानं पाहिली नव्हती, आणि "योग्य ती कार्यवाही" म्हणजे मला नेमकं काय हवंय हे त्यानं स्वप्नात ओळखायचं होतं की काय. माल पाठवा, पैसे कमी करा, की बिल बदला? तिन्ही कामं तीन वेगळी माणसं करतात. माझा मेल त्या तिघांपैकी कुणाच्याच टेबलावर थांबला नाही.

त्यानंतर असे कितीतरी मेल लिहून झाले. त्यांतला गेल्या जानेवारीतला एक इथं उलगडून दाखवते, कारण त्यात कमी आलेला माल होता, जास्त आलेला माल होता, आणि कमी आलाय असं वाटलेला पण पुरेपूर असलेला मालही होता.

आमचा कारखाना सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आहे. शाळांची बाकं, लोखंडी रॅक, कपाटं असा माल आम्ही करतो. बाकांची मोठी ऑर्डर होती म्हणून पुण्याकडच्या एका नट-बोल्टवाल्याला २ जानेवारीला ऑर्डर दिली. एम ८ बाय ४० चे बोल्ट ५,०००, त्यांचे नट ५,००० आणि वायसर १०,०००. (वॉशर म्हणायला हवं, पण आमच्याकडे वॉशर म्हटलं तर कुणी हलत नाही.) बोल्ट ४ रुपये २० पैसे, नट १ रुपया १० पैसे, वायसर ४५ पैसे नग. बोल्टचे २१,०००, नटचे ५,५००, वायसरचे ४,५००, मिळून ३१,००० रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटीचे ५,५८०. बिल झालं ३६,५८० रुपयांचं.

१० जानेवारीला सकाळी ट्रान्सपोर्टचा टेम्पो गेटवर आला. सात खोकी. पाच बोल्टची, एक नटचं, एक वायसरचं. ड्रायव्हर नेहमीप्रमाणे घाईत. त्यानं पावती पुढे केली, तिच्यावर छापलेलंच होतं : माल मोजून, सुस्थितीत मिळाला. इथं बहुतेक जण सही ठोकून मोकळे होतात आणि मग दुपारी खोकं उघडल्यावर कपाळावर हात मारतात. आम्ही सहीच्या वर पेनानं लिहितो : "७ खोकी मिळाली, टेप शाबूत, आतील माल मोजायचा बाकी." चालकाला त्याचं काही वाटत नाही, त्याला सहीशी मतलब. पण हे वाक्य पुढे कामाला येतं, कारण खोकं कमी असणं आणि खोक्यातला माल कमी असणं ही दोन वेगळी भांडणं आहेत. सातऐवजी सहाच खोकी उतरली असती तर प्रश्न ट्रान्सपोर्टवाल्याला विचारायचा होता. त्याच्या पावतीवर तिथल्या तिथं शेरा मारून घ्यायचा आणि त्यालाही लेखी कळवायचं. रस्त्यानं माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे, त्यात माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस गेली नाही तर वाहतूकदारावर दावाच लावता येत नाही. आमची सातही खोकी आली होती आणि कुणी टेप फाडून पुन्हा चिकटवल्याची खूण नव्हती. म्हणजे आत काही कमी निघालंच तर ते बहुधा भरतानाच कमी भरलं गेलं होतं.

आमच्या स्टोअरमधला मुलगा मोजायला बसला. बोल्ट शंभराच्या कागदी बॉक्समध्ये येतात, एका खोक्यात असे दहा बॉक्स. चार खोकी बरोबर निघाली. पाचव्यात वरच्या थरात चार बॉक्स होते आणि खाली चुरगाळलेली वर्तमानपत्रं. खोकं बाहेरून बाकीच्यांसारखंच दिसत होतं. उचलताना हलकं लागलं असणार, पण सात खोकी भराभर उतरवणाऱ्या हमालाला ते कुठून कळणार? त्याला मी म्हटलं, आता रिकामं करण्याआधी पाचही खोकी काट्यावर ठेव. चार खोकी साडेवीस किलोच्या आसपास भरली, पाचवं ८ किलो ६०० ग्रॅम. हा बोल्ट साधारण वीस ग्रॅमचा असतो, शंभराचा बॉक्स दोन किलोचा. चार बॉक्स म्हणजे आठ किलो, वर खोक्याचं नि रद्दीचं वजन. हिशोब जुळला. सहा बॉक्स, म्हणजे सहाशे बोल्ट कमी.

ट्रान्सपोर्टच्या पावतीवरही वजन असतं आणि कुणाला वाटेल तेच पुरावा म्हणून लावावं. आमच्या पावतीवर १५० किलो लिहिलेलं होतं. ते वजन भाडं आकारण्यासाठी अंदाजानं आणि वरच्या आकड्याला धरून लिहितात. त्यावरून बारा किलो लोखंड गायब आहे हे कुणालाही सिद्ध करता येणार नाही. मी ते मेलमध्ये घातलं नाही. कच्चा पुरावा जोडला की समोरचा नेमका त्यालाच धरून बसतो.

नट पाचशेच्या पुड्यांत होते. दहा पुडे हवे होते, अकरा निघाले. पाचशे नट जास्त.

आता वायसर. ते सुटे, एकाच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. दहा हजार वायसर हातानं मोजायला कुणाला वेळ आहे, म्हणून ते वजनावर मोजतात. थोडे नग मोजून त्यांचं वजन करायचं, त्यावरून एकाचं वजन काढायचं आणि एकूण वजनाला त्यानं भागायचं. मुलानं दहा वायसर काट्यावर ठेवले, काट्यानं २० ग्रॅम दाखवले. म्हणजे एक वायसर दोन ग्रॅमचा. पिशवी भरली १८ किलो ३०० ग्रॅम. भागाकार आला ९,१५०. तो धावत आला, "मॅडम, वायसर पण साडेआठशे कमी!"

सकाळपासून एक खोकं अर्धं निघालेलं, त्यामुळे माझाही चटकन विश्वास बसला. मेलमध्ये तिसरी ओळ लिहूनही झाली होती. मग काट्याकडे लक्ष गेलं. आमचा काटा तीस किलोचा, पाच-पाच ग्रॅमच्या पायरीनं चढणारा. १८ ग्रॅम ठेवले तरी तो २० दाखवणार, त्याच्याकडे मधला आकडाच नाही. दहा वायसरमध्ये दोन ग्रॅम इकडे-तिकडे झाले की दहा हजारांत जवळजवळ हजार नगांचा घोळ होतो. मी त्याला पाचशे वायसर हातानं मोजायला लावले. तोंड वाकडं केलं, पण मोजले. काटा म्हणाला ९१५ ग्रॅम. एक वायसर १ ग्रॅम ८३ सेंटिग्रॅमचा. १८,३०० ला १.८३ नं भागा, बरोबर दहा हजार.

ती ओळ तशीच गेली असती तर काय झालं असतं? पुरवठादारानं त्याच्याकडे वायसरचं वजन तपासलं असतं, ते बरोबर निघालं असतं, आणि मग त्यानं म्हटलं असतं, यांना मोजताच येत नाही. त्या एका खोट्या कमतरतेनं सहाशे बोल्टची खरी कमतरताही संशयात गेली असती. म्हणून माझा आता नियम आहे, सुटा माल वजनावर मोजायचा तर नमुना इतका घ्यायचा की काट्याची एक पायरी त्याच्यापुढे नगण्य ठरावी. आणि नमुना किती नगांचा घेतला तेही मेलमध्ये लिहायचं. समोरच्यालाही त्याच रीतीनं मोजून बघता येतं.

मोजणी झाली, आता लिहायचं. इथं सगळ्यात जास्त चुका होतात त्या एकाच ठिकाणी : माल कमी आहे म्हणताना कशापेक्षा कमी, हे माणसं सांगत नाहीत. प्रत्येक मालाचे आकडे तीन असतात. मागवला किती, बिलात लावला किती आणि हातात आला किती. आपण पाच हजार मागवले, बिलात ४,४०० लावले आणि ४,४०० च आले, तर बिल अगदी बरोबर आहे. फक्त सहाशे यायचे राहिलेत, आणि मेल गेला पाहिजे विक्रीवाल्याकडे, की उरलेले कधी पाठवताय. उलट बिलात पाच हजार लावले आणि ४,४०० आले, तर न आलेल्या मालाचे पैसे आणि कर आपल्या नावावर चढलेत. तो मेल हिशोबाच्या माणसापर्यंतही गेला पाहिजे. आणि कधी कधी आकडे पाहिल्यावर लक्षात येतं की ऑर्डर देताना आपणच एक शून्य जास्त टाकलं होतं. तेव्हा मुकाट्यानं फोन उचलायचा. आमच्या बोल्टचे आकडे होते ५,०००, ५,००० आणि ४,४००. नटचे ५,०००, ५,००० आणि ५,५००.

मालक तोवर डोकावून गेले. "नट राहू दे की, त्यांचं पाचशेचं नुकसान त्यांचं त्यांना. नाहीतर बोल्टमधून वळते करून टाक." दोन्ही मी ऐकलं नाही. सहाशे बोल्टचे २,५२० रुपये होतात, पाचशे नटचे ५५०. ही वजाबाकी करून एकच रक्कम कळवली की दोन्ही बाजूंचा साठा चुकीचाच राहतो. त्यांच्या संगणकात बोल्ट जातात पाच हजार, नट पाच हजार, आणि वर्षअखेरीला त्यांच्या गोदामात सहाशे बोल्ट जास्त नि पाचशे नट कमी निघतात. शिवाय जास्तीच्या मालाबद्दल आपण आधी सांगितलं की कमी मालाबद्दलचं आपलं म्हणणं न भांडता मान्य होतं, हा माझा अनुभव आहे. कायदाही काही गप्प बसायला सांगत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचं ३७ वं कलम नेमकं चुकीच्या संख्येबद्दल आहे. ठरल्यापेक्षा कमी माल आला तर घेणारा तो नाकारू शकतो, पण ठेवून घेतला तर आलेल्या मालाचे ठरल्या भावानं पैसे द्यायचे. जास्त आला तर ठरला तेवढा ठेवून बाकीचा नाकारता येतो, सगळाच नाकारता येतो, किंवा सगळा ठेवता येतो, आणि सगळा ठेवला तर सगळ्याचे पैसे द्यायचे. फुकट ठेवा असं कुठं लिहिलेलं नाही. त्याच कलमात पुढे व्यापारातली रूढी आणि आपसातला करार यांनाही मान दिलाय, ते मला शहाणपणाचं वाटतं. सुट्या नट-बोल्टांत शेकड्याला एखादा नग इकडे-तिकडे होतोच. तीन वायसर कमी आले म्हणून मेल करणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव पुरवठादाराकडे कशासाठी प्रसिद्ध असतं ते सांगायला नको.

संध्याकाळी चारला मेल गेला तो असा :

विषय : ऑर्डर पीओ/११८, बिल २१४७ : बोल्ट ६०० कमी, नट ५०० जास्त

सप्रेम नमस्कार,

आमची ऑर्डर पीओ/११८, दिनांक २ जानेवारी. आपलं बिल क्र. २१४७, दिनांक ८ जानेवारी. माल आज, १० जानेवारीला सकाळी मिळाला. सातही खोकी टेप शाबूत असलेली होती.

मोजणीत आढळलेलं :
बोल्ट एम ८ बाय ४० : मागवले ५,०००, बिलात ५,०००, मिळाले ४,४००. कमी ६००.
नट एम ८ : मागवले ५,०००, बिलात ५,०००, मिळाले ५,५००. जास्त ५००.
वायसर एम ८ : १०,००० बरोबर (५०० नगांच्या नमुन्यावरून वजनानं मोजले).

बोल्टच्या पाच खोक्यांपैकी चारांत दहा-दहा बॉक्स होते, पाचव्यात चारच. त्या खोक्याचं रिकामं करण्याआधीचं वजन ८.६ किलो, बाकीच्यांचं प्रत्येकी सुमारे २०.५ किलो. खोक्यावरच्या आपल्या चिठ्ठीवर "५ पैकी ५, बॉक्स १०" असं आहे. चिठ्ठीचा, काट्यावरच्या खोक्याचा आणि उघडलेल्या खोक्याचा फोटो सोबत जोडला आहे.

आमची विनंती :
राहिलेले ६०० बोल्ट १७ जानेवारीपर्यंत आमच्याकडे पोचावेत. ते बिल २१४७ मध्ये धरलेलेच असल्यामुळे नवीन बिल न करता, त्या बिलाचा उल्लेख असलेल्या चलनावर पाठवावेत. तोवर पाठवणं जमणार नसेल तर उद्यापर्यंत तसं कळवावं आणि ६०० बोल्टची क्रेडिट नोट द्यावी (२,५२० रुपये अधिक जीएसटी ४५३.६० रुपये, एकूण २,९७३.६० रुपये).
जास्तीचे ५०० नट वेगळे बाजूला ठेवले आहेत. परत न्यायचे की आम्ही ठेवून घ्यायचे, हे कळवावं. ठेवायचे असल्यास त्यांचं वेगळं बिल द्यावं.

बिलाचे ३३,६०६.४० रुपये ठरल्या तारखेला देत आहोत. उरलेले २,९७३.६० रुपये बोल्ट मिळाल्यावर किंवा क्रेडिट नोट आल्यावर मिटवू.

कळावे,
खरेदी विभाग

एवढाच. रागाचा एक शब्द नाही, "तुम्ही कमी पाठवलंत" असंही नाही. "मोजणीत आढळलं" इतकंच. हे सौजन्य म्हणून नाही, खरंच मला काय झालं ते माहीत नव्हतं म्हणून.

विषयाच्या ओळीत ऑर्डर नंबर, बिल नंबर आणि फरक हे सगळं मुद्दाम आहे. समोरचा माणूस मेल उघडण्याआधीच तो कुणाकडे पाठवायचा ते ठरवतो. आणि दोन महिन्यांनी हिशोब जुळवताना २१४७ असं शोधलं की हा मेल सापडतो. ऑर्डर नंबर आणि बिल नंबर दोन्ही द्यायचे, कारण त्यांच्याकडे माल भरणारा ऑर्डरवरून शोधतो आणि हिशोबवाला बिलावरून. मागे एकदा आम्ही फक्त आमचा नंबर दिला होता. त्यांच्या हिशोबवाल्यानं तीन दिवस तो त्यांच्या बिलांच्या यादीत शोधला.

खोक्यावरच्या चिठ्ठीचा फोटो मात्र कधी विसरू नये. खोकं कुणी भरलं, कोणत्या दिवशी, कोणत्या टेबलावर, हे त्या चिठ्ठीवरून त्यांना कळतं, आपल्याला नाही. आपण अनेकदा उत्साहानं माल काढून खोकी भंगारात टाकतो आणि सगळ्यात उपयोगी कागद त्यांच्याबरोबर जातो.

"नवीन बिल न करता" हे शब्द मला एका जुन्या खर्चानं शिकवलेत. माल आधीच्या बिलात धरलेला असताना राहिलेला माल नव्या बिलानं आला, की तेवढ्याच मालाची दोन बिलं होतात, आणि आपल्याकडच्या हिशोबात दोन्ही रीतसर असतात. पैसे दोनदा जातात. पहिल्या बिलाची क्रेडिट नोट आली तरच ते जुळतं, आणि ती मागायची कुणाला आठवण राहत नाही. बिल बदलून मागण्यातही अर्थ नाही. ई-इनव्हॉइस लागू असलेल्या पुरवठादाराला ते सरकारी पोर्टलवर चोवीस तासांच्या आतच रद्द करता येतं, त्यानंतर रक्कम कमी करायची ती क्रेडिट नोटनं. आणि ती नोट द्यायची असते पुरवठादारानं. आपण आपल्या वहीत डेबिट नोट टाकली तरी ती आपली आठवण झाली, करातली दुरुस्ती त्यांच्या नोटेनंच होते.

कराचा भाग आणखी एका ठिकाणी अडतो. न आलेल्या मालावरचा कर आपण बिलात दिसतो म्हणून इनपुट क्रेडिट घेऊ शकत नाही. माल हातात आला पाहिजे, अशी कायद्याची अटच आहे. एकाच बिलाचा माल टप्प्याटप्प्यानं येणार असेल तर शेवटचा टप्पा आल्यावरच ते क्रेडिट घ्यायचं. म्हणजे आमच्या त्या सहाशे बोल्टपायी ५,५८० रुपयांचं सगळंच क्रेडिट लटकलं होतं. १७ तारखेचा आग्रह बाकांसाठी होता तितकाच आमच्या हिशोबनीसासाठी.

तारखेचं आणखी एक कारण. पुरवठादार उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर त्याचे पैसे ठराविक दिवसांत द्यावेच लागतात. करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या पुढे जाता येत नाही. ते दिवस कधीपासून मोजायचे? माल आल्यावर पंधरा दिवसांत आपण लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून. घेतली नाही, तर माल आला त्याच दिवसापासून, जणू सगळं पसंत होतं. फोनवर कितीही आरडाओरडा केला तरी लेखी म्हटल्यावर तो धरत नाहीत. मेल धरतात, कारण माहिती तंत्रज्ञान कायद्यानं २००० सालापासून इलेक्ट्रॉनिक मजकूर लेखी मानला जातो. व्हॉट्सअॅपवर मी फोटो पाठवतेच, पण तो सुविचारांच्या नि शुभ सकाळच्या गर्दीत वर सरकत जातो. म्हणून तिथं फक्त एवढं लिहिते, मेल केलाय, बघा.

पूर्ण बिल मी अडवलं नाही, हे आमच्या मालकांना फारसं पटत नाही. त्यांचं म्हणणं, पैसे अडवले की माल धावत येतो. येतो खरा. पण ३४ हजारांचा माल आपण वापरायला घेतलाय आणि त्याचे पैसे तीन हजारांसाठी धरून बसलोय, हे कुठल्याच पंचापुढे चांगलं दिसत नाही. आणि त्यांच्या हिशोबाच्या माणसाला नेमका अडलेला आकडा दिसला, की तो सोडवायला तो स्वतःच माल भरणाऱ्याच्या मागे लागतो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्यांच्या पॅकिंगवरच्या बाईंचा फोन आला. "ताई, तुमचं पाचवं खोकं सापडलं. म्हणजे त्यातले बॉक्स." झालं होतं असं की खोकं भरताना टेबलावरचा माल संपला, चार बॉक्स टाकून भरणारा मुलगा सहा आणायला गोदामात गेला, आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. खोकं हलू नये म्हणून कुणीतरी त्यात रद्दी कोंबून टेप मारली. चिठ्ठी आधीच छापून चिकटवलेली होती, "बॉक्स १०". बिल ऑर्डरवरून निघालं होतं, भरलेल्या मालावरून नाही, त्यामुळे कागदोपत्री सगळं जागच्या जागी. सहा बॉक्स त्या टेबलाखाली दोन दिवस तसेच पडून होते. "वजन लिहिलंत ना, म्हणून लगेच कळलं, नाहीतर ट्रान्सपोर्टवाल्यालाच धरलं असतं," असं त्या म्हणाल्या. नटचा अकरावा पुडा दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाचा होता. तिकडून पाचशे कमी म्हणून ओरड आलेली त्यांना समजेना, ती आमच्या मेलनं मिटली. नट ठेवून घ्या, बिल पाठवतो, असं ठरलं.

बोल्ट १५ तारखेला आले, चलनावर, बिल २१४७ चा उल्लेख करून. मी निश्चिंत झाले. पाच दिवसांनी त्यांच्या हिशोब खात्याकडून एक बिल आलं : नट ५०० नग, ५५० रुपये, आणि खाली, बोल्ट ६०० नग, २,५२० रुपये. चलन दिसलं की बिल बनवायचं, एवढंच त्या खात्याला ठाऊक. पॅकिंगच्या बाईंना मेल गेला होता, हिशोबाच्या माणसानं तो उघडला नव्हता.

मी नवीन मेल लिहिला नाही. जुन्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी टाकल्या, म्हणजे खालची सगळी हकिगत त्याच्यासमोर आपोआप आली : "सोबतच्या बिलातले ६०० बोल्ट हे बिल २१४७ मधलेच आहेत, खालचा १० जानेवारीचा मेल पाहावा. हे बिल मागे घेऊन फक्त ५०० नटचं बिल द्यावं." बिल त्याच दिवशी रद्द झालं. रात्री साडेआठला नटचं ६४९ रुपयांचं बिल आलं, सोबत हात जोडलेल्या चिन्हासह.

इकडे आमच्या स्टोअरच्या मुलाला आता मोजणीची चटक लागलीय. आलेले सहा बॉक्स त्यानं टेबलावर ओतले आणि एकेक बोल्ट मोजून काढला. पाच बॉक्समध्ये शंभर-शंभर निघाले, सहाव्यात नव्व्याण्णव. वही घेऊन तो माझ्याकडे आला आणि नुसता उभा राहिला. मी वहीत ६०० लिहिलं आणि सही केली.